मीटिंगचे खोटे निमंत्रण कसे ओळखावे? लिंक, कोड आणि उलट तपासणी

ऑनलाइन मीटिंगची खोटी निमंत्रणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात लिंक मीटिंगकडे नेतच नाही. ती मीटिंगसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच पानावर नेते आणि तिथे एखादी फाइल उतरवायला किंवा पासवर्ड टाकायला सांगितले जाते. दुसऱ्या प्रकारात लिंक अगदी खरी असते, मीटिंगही सुरू होते, पण समोर बसलेली माणसे खोटी असतात. पहिला प्रकार लिंकचा पत्ता नीट वाचला की ओळखता येतो. दुसरा तसा ओळखता येत नाही, त्यासाठी बोलावणाऱ्याची वेगळ्या मार्गाने खातरजमा करावी लागते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत आता व्हॉट्सॲपवर मीटिंगची लिंक येणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कॉलेजचे तास, शेतीविषयक प्रशिक्षण, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांची बैठक, बचत गटाची सभा, पुण्या-मुंबईतल्या कंपनीची मुलाखत, अशा कशाचीही लिंक येऊ शकते. त्यामुळे ‘अनोळखी लिंक उघडू नका’ एवढा सल्ला पुरत नाही. कामाच्या लिंकही अनेकदा अनोळखी नंबरावरूनच येतात. त्यांतली खरी कोणती आणि खोटी कोणती हे ठरवता यायला हवे.

लिंकचा पत्ता उजवीकडून वाचा

लिंकमध्ये `https://` नंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग म्हणजे त्या संकेतस्थळाचा पत्ता. लिंक कोणाच्या मालकीची आहे ते याच भागावरून कळते. नेहमीच्या तीन सेवांच्या खऱ्या लिंक साधारण अशा दिसतात:

```
https://us06web.zoom.us/j/12345678901
https://meet.google.com/abc-defg-hij
https://teams.microsoft.com/l/meetup-join/...
```

हा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पहिल्या लिंकमध्ये तिरप्या रेघेच्या लगेच आधी `zoom.us` आहे, म्हणजे मालक झूम. त्याच्या डावीकडचे `us06web` हे झूमनेच ठेवलेले उपनाव आहे. गावाचे नाव एक आणि त्यातल्या वाड्यावस्त्यांची नावे अनेक, तसाच हा प्रकार असतो. मालकी ठरते ती उजवीकडच्या नावावरून.

फसवणारे नेमका या वाचनाचाच गोंधळ करतात. मार्च २०२४ मध्ये झेडस्केलर या सायबर सुरक्षा कंपनीने स्काइप, गुगल मीट आणि झूम यांची हुबेहूब नक्कल करणारी काही संकेतस्थळे उघड केली. त्यांतल्या झूमच्या नकलेचा पत्ता `us06webzoomus[.]pro` असा होता. (चुकून उघडला जाऊ नये म्हणून इथे टिंबाभोवती कंस घातले आहेत.) त्यात ‘us06web’ आहे, ‘zoom’ आहे, ‘us’ही आहे. घाईत पाहणाऱ्याला ती झूमचीच लिंक वाटेल. पण `zoom` आणि `us` यांच्यामधला टिंब गायब आहे आणि शेवटी `.pro` आहे. म्हणजे हे झूमचे उपनाव नव्हे, कोणीतरी विकत घेतलेले पूर्णपणे वेगळे नाव आहे. गुगल मीटची नक्कल करणाऱ्या पत्त्यात तर शेवटी तीन, चार, तीन अक्षरांचा कोडही होता, अगदी खऱ्या मीटच्या लिंकसारखा. तिरप्या रेघेनंतरचा मजकूर कोणालाही हवा तसा ठेवता येतो, त्यामुळे तो पुरावा ठरत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे खरे नाव डावीकडे चिकटवणे. `https://zoom.us.join-now.example/j/123` या लिंकची सुरुवात `zoom.us` ने होते, पण तिरप्या रेघेच्या आधी `join-now.example` आहे, म्हणून ती झूमची नाही. (`.example` हा शेवट फक्त उदाहरणांसाठी राखलेला असतो, असे पत्ते प्रत्यक्षात चालत नाहीत.)

सरकारी आणि शैक्षणिक नावांना एक आधार आहे. `.gov.in` हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो आणि `.ac.in` शैक्षणिक संस्थांना. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे संकेतस्थळ `sgbau.ac.in`, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे `pdkv.ac.in`, तर जिल्हा प्रशासनांची `amravati.gov.in` आणि `akola.gov.in` अशी आहेत. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने `.bank.in` हा वेगळा शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्यास बँकांना सांगितले.

ब्राउझरमध्ये दिसणारे कुलूप मात्र मालकाची ओळख पटवत नाही. पान आणि फोन यांच्यातली देवाणघेवाण मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खोट्या पानालाही कुलूप सहज मिळते.

लिंक `bit.ly` सारखी आखूड असेल तर खरा पत्ता झाकलेला असतो. अशी लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये चिकटवावी, तिच्या शेवटी `+` हे चिन्ह जोडावे आणि मगच उघडावी. बिटली ती लिंक कुठे जाते ते आधी दाखवते. ईमेलमध्ये तर निळ्या अक्षरांत एक पत्ता आणि त्यामागे दुसराच असू शकतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरले आणि संगणकावर तिच्यावर नुसता माउस नेला, की मागचा पत्ता दिसतो.

पान उघडल्यावर काय मागितले जाते ते पाहा

मीटिंगला बसायला फार थोड्या गोष्टी लागतात: तुमचे नाव, माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी, आणि कधी पासकोड. संगणकावर गुगल मीट ब्राउझरमध्येच चालते. झूम किंवा टीम्सचे ॲप हवेच असेल तर फोनवर ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घ्यायचे असते. याहून जास्त काही मागितले गेले की थांबावे.

झेडस्केलरने दाखवलेल्या त्या खोट्या पानांवर अँड्रॉइडचे बटण दाबले की प्ले स्टोअर उघडत नव्हते, थेट `.apk` फाइल उतरत होती. विंडोजचे बटण दाबले की `.bat` फाइल येत होती. या फाइली म्हणजे दुरून फोन किंवा संगणक ताब्यात घेणारी सॉफ्टवेअर होती. आयफोनचे बटण मात्र खऱ्या ॲप स्टोअरवर जात होते, म्हणजे आयफोनवर पाहणाऱ्याला पान सच्चेच वाटले असते. यावरून एक साधा नियम निघतो: मीटिंगच्या लिंकमधून आलेली `.apk` फाइल कधीही इन्स्टॉल करू नये, मग पानावर ‘ॲप जुने झाले आहे, अपडेट करा’ असे कितीही ठळक लिहिलेले असो.

खोट्या पानाचा धोका टाळण्याचा एक सोपा मार्ग आहे. लिंक दाबूच नये. फोनमध्ये आधीपासून असलेले झूम किंवा मीटचे ॲप आपणच उघडावे आणि त्यात मीटिंगचा क्रमांक किंवा कोड हाताने टाकावा. झूमचा क्रमांक सहसा १० किंवा ११ आकडी असतो, मीटचा कोड १० अक्षरी. कोड खरा असेल तर मीटिंग उघडेल. खोट्या पानावर नेणाऱ्या लिंकमधला बनावट कोड ॲपमध्ये चालत नाही.

‘मीटिंगचा कोड’ म्हणून मागितलेला सहा आकडी क्रमांक

एका प्रकारात लिंकही नसते. ब्रिटनमध्ये २०२४ साली तिथल्या फसवणूक-तक्रार केंद्राने याबाबत इशारा दिला होता. प्रार्थना मंडळे आणि धार्मिक गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ही टोळी शिरत असे. आधी ग्रुपमधला एखादा सदस्य म्हणून फोन येई. ‘सगळ्यांचा व्हिडिओ कॉल आहे, तुम्हाला एक कोड येईल, तो सांगा म्हणजे जोडून घेतो,’ असे सांगितले जाई. कोड येतही असे, पण तो मीटिंगचा नसून त्या व्यक्तीचे व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करण्याचा असे. तो सांगितला की खाते गेले. मग त्याच खात्यावरून बाकीच्या सदस्यांना ‘तातडीने पैसे पाठवा’ असे निरोप जात.

आपल्याकडे भजनी मंडळ, सेवा मंडळ, नातेवाइकांचे ग्रुप, बचत गट यांची रचनाही अशीच आहे. सगळे एकमेकांना ओळखतात आणि फोटो व नाव पाहूनच विश्वास ठेवतात. ‘ताई, मीटिंगचा कोड आला असेल, तेवढा सांगा,’ असा फोन आला तर एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: मीटिंगचा कोड बोलावणारा पाहुण्याला देत असतो, पाहुण्याकडून मागत नसतो. व्हॉट्सॲपच्या कोडसोबत तो कोणाला सांगू नका असे लिहिलेलेही असते, पण बोलण्याच्या ओघात ते वाचायचे राहून जाते.

यावर आगाऊ बंदोबस्त करता येतो. व्हॉट्सॲपच्या `Settings` मध्ये `Account` आणि त्यात `Two-step verification` उघडून स्वतःचा सहा आकडी पिन ठेवावा. मग चुकून कोड सांगितला गेला तरी पिनशिवाय खाते दुसऱ्या फोनवर सुरू होत नाही. अर्थात तो पिनही कोणाला सांगायचा नाही.

लिंक खरी, माणसे खोटी

पत्ता वाचण्याचे सगळे नियम जिथे अपुरे पडतात तो हा प्रकार. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगून फोन आला. त्यांना स्काइपच्या व्हिडिओ कॉलवर सतत नजरेखाली ठेवले गेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाची ‘ऑनलाइन सुनावणी’ही झाली. त्यात एकाने तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांची बतावणी केली. न्यायालयाचा म्हणून एक आदेशही पाठवला गेला. ओसवाल यांनी सात कोटी रुपये भरले. पोलिसांना त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवता आले. इथे स्काइप खरे होते, कॉल खरा होता, खोटे होते ते न्यायालय.

त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये वरिष्ठ आणि सहकारी पाहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून २० कोटी हाँगकाँग डॉलर वळते केले. ते चेहरे आणि आवाज संगणकाने बनवलेले होते. ‘पण मी त्यांना डोळ्यांनी पाहिले’ हाही आता पुरावा राहिलेला नाही.

न्यायालये व्हिडिओद्वारे सुनावणी घेतात हे खरे आहे, म्हणूनच ही बतावणी पटते. पण कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितले होते. जिल्हा न्यायालयातल्या खऱ्या खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो `services.ecourts.gov.in` वर स्वतः टाकून पाहता येतो. सुनावणीची नोटीस आली असेल तर तो क्रमांक मागावा, फोन ठेवावा आणि वकिलाकडून किंवा अमरावती-अकोल्याच्या न्यायालयात प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी. ‘फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका, खोलीतून बाहेर जाऊ नका’ असे सांगितले जात असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. हे सगळे तुम्हाला खात्री करू न देण्यासाठीच सांगितले जाते.

उलट तपासणी: एक उदाहरण

समजा, वरुडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाला दुपारी चारच्या सुमारास निरोप येतो: ‘डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. संत्रा निर्यात प्रशिक्षण, आज सायंकाळी ५ वाजता. उपस्थितांनाच अनुदानासाठी पात्र धरले जाईल.’ फोटोच्या जागी विद्यापीठाचे बोधचिन्ह आहे आणि खाली लिंक:

```
https://pdkv.ac.in.shetkari-meet.example/join
```

पत्ता उजवीकडून वाचला की `pdkv.ac.in` फक्त पुढे चिकटवलेले दिसते. हा निरोप इथेच बाद होतो. पण लिंक साधी `meet.google.com` ची असती तर? गुगल मीटवर कोणीही कोणाच्याही नावाने मीटिंग भरवू शकतो. म्हणून आता बोलावणाऱ्याची तपासणी.

पहिली गोष्ट, निरोपाला उत्तर देऊ नये. ‘हे खरे आहे का?’ असे त्याच नंबरावर विचारले तर ‘हो’ असेच उत्तर येणार. निरोपात दिलेल्या दुसऱ्या नंबरावर फोन केला तरी तो त्यांचाच माणूस उचलेल. गुगलवर शोधलेला नंबरही बेभरवशाचा, कारण फसवणारे आपले नंबर कार्यालयांच्या नावाने पसरवून ठेवतात.

फोन करायचा तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर: मागच्या प्रशिक्षणात भेटलेले कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ, तालुका कृषी अधिकारी कार्यालय, कंपनीच्या दप्तरातल्या जुन्या पत्रावरचा क्रमांक. यांतले काहीच हाताशी नसेल तर ब्राउझरमध्ये `pdkv.ac.in` स्वतः टाइप करून तिथला क्रमांक घ्यावा. फोन साधा करावा, व्हॉट्सॲपवरून नव्हे, कारण समोरच्याचे व्हॉट्सॲप खाते चोरीला गेलेले असू शकते.

बोलताना ‘आज काही कार्यक्रम आहे का?’ असे मोघम विचारू नये. अकोल्यात किंवा अमरावतीत त्या दिवशी खरोखरच एखादा वेगळा कार्यक्रम असेल आणि उत्तर ‘हो’ येईल. तीन नेमके प्रश्न विचारावेत: ही लिंक तुमच्याकडून गेली आहे का? मीटिंग कोणाच्या नावाने भरते आहे? नोंदणीसाठी काही उतरवायचे, भरायचे किंवा आधार आणि बँकेचा तपशील द्यायचा आहे का? लिंक त्यांचीच असल्याचे कळले तर ‘मला तुमच्या फोनवरून पुन्हा पाठवा’ असे म्हणावे.

या तपासणीला दोन मर्यादा आहेत. कार्यक्रम संकेतस्थळावर दिसला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, लहान बैठकांची नोंद तिथे अनेकदा नसते. तसेच ईमेल `gmail.com` वरून आला म्हणूनही खोटा ठरत नाही, तालुक्याच्या पातळीवर अनेकजण अजून साध्या जीमेल खात्यावरूनच काम करतात. अशा वेळी ओळखीच्या माणसाला केलेला फोनच निर्णय देतो.

फोन लागलाच नाही आणि पाच वाजत आले, तर मीटिंग सोडून द्यावी. खरे प्रशिक्षण चुकले तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन विचारता येते. एका तासाची मुदत आणि अनुदानाची अट एकत्र येते तेव्हा ती बहुधा तुम्हाला फोन करण्याची सवड मिळू नये म्हणूनच घातलेली असते.

कॅलेंडरमध्ये आपोआप आलेली मीटिंग

काही वेळा निमंत्रण थेट गुगल कॅलेंडरमध्ये दिसते आणि फोन त्याची आठवणही करून देतो. आपणच कधीतरी नोंदवले असेल असे वाटून लिंक उघडली जाते. प्रत्यक्षात ते कोणीही पाठवू शकतो. अशा निमंत्रणाला `No` असे उत्तरही देऊ नये. ते पाठवणाऱ्याला पोहोचते आणि हा पत्ता वापरात असल्याचे त्याला कळते. संगणकावर कॅलेंडरच्या `Settings` मध्ये `Event settings` उघडून `Add invitations to my calendar` समोर `Only if the sender is known` निवडले, की अनोळखी निमंत्रणे आपोआप दिसणे थांबते. आलेले निमंत्रण उघडून स्पॅम म्हणून कळवावे.

लिंक उघडली गेलीच असेल तर

नुसते पान उघडले आणि लगेच बंद केले असेल तर बहुतेक वेळा नुकसान झालेले नसते. पुढे काय केले त्यावर उपाय ठरतो.

फाइल इन्स्टॉल झाली असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करावे, ते ॲप काढून टाकावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत. त्या फोनवर पुन्हा बँकेचे काम करण्याआधी तो फॅक्टरी रीसेट करणे चांगले. पासवर्ड टाकला गेला असेल तर तो दुसऱ्या उपकरणावरून ताबडतोब बदलावा.

व्हॉट्सॲपचा कोड सांगितला गेला असेल तर आपल्या फोनवर तोच नंबर टाकून व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करावे. नवा कोड आपल्याच सिमवर येतो आणि तो टाकला की दुसऱ्या फोनवरचे खाते बंद होते. चोराने दरम्यान स्वतःचा पिन लावला असेल तर खाते पूर्ण परत मिळायला सात दिवस थांबावे लागते. तोवर साध्या फोनने नातेवाइकांना आणि ग्रुपला सावध करावे, म्हणजे तुमच्या नावाने आलेल्या निरोपाला कोणी पैसे पाठवणार नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फिरण्याआधी बँकांना ती गोठवता येते, म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. पैसे गेले नसतील, फक्त संशयास्पद निरोप किंवा कॉल आला असेल, तर `sancharsaathi.gov.in` वरील ‘चक्षू’ सुविधेत तो कळवता येतो. दोन्हीकडे निरोपाचा स्क्रीनशॉट आणि पूर्ण लिंक लागते, त्यामुळे निरोप रागाच्या भरात पुसून टाकू नये.